दसऱ्याची तारीख आणि रजेचा अर्ज

"अहो, तुमच्या त्या पर्सोनेलच्या डोळ्यांनी एकदा बघा बरं हे," म्हणत मालूताईंनी मेंदीच्या कुंपणावरून फोन माझ्या हातात दिला. सुनेचा अर्ज होता. मृणाल दारातच उभी होती. आपला कागद सासूबाई गावभर दाखवत फिरतायत म्हटल्यावर जसं कुणीही उभं राहील, तशीच.

वाचला. इंग्रजी अगदी झकास. मजकूर मात्र असा, की आपल्या सोयीनुसार ऑक्टोबरपासून सुमारे सहा महिने बाळंतपणाची रजा मिळावी, पुढे दोन महिने घरून काम करू द्यावं, मंजुरी मिळाल्यास आभारी राहीन.

"मृणाल, हा अर्ज आहे की नवस?"

"काकू, एचआरला नम्रपणेच लिहावं लागतं ना."

"नम्रपणे लिही की! पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? ही रजा काही ते मेहेरबानी म्हणून देत नाहीत. अमुक तारखेपासून मी येणार नाही, एवढं तू कळवायचंस. मागायचं ते घरून काम, कारण ते दोघांनी मिळून ठरवायचं असतं. तू दोन्ही एका वाक्यात कोंबलंस, आता ते वाक्य कुठे अडेल सांग बघू?"

मालूताईंनी लगेच सांगितलं. "घरून कामावर."

अगदी बरोबर. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या भाचीचं हेच झालं होतं. तिनंही रजा, घरून काम आणि वर साठलेल्या सुट्ट्या, सगळं एकाच परिच्छेदात घातलं. वरून उत्तर आलं, "चर्चा करू." ती चर्चा तिचं डोहाळजेवण झालं तरी चालूच होती. साहेबांना अडचण होती ती फक्त घरून कामाची, पण अडकून पडला अख्खा कागद. मालूताईंना ही हकीगत माझ्यापेक्षा जास्त तपशिलात ठाऊक निघाली. भाचीच्या नणंदेनं काय टोमणा मारला तोही त्यांनी सांगितला. तो इथे लिहीत नाही.

तर मग तारखेपासून सुरुवात केली. डॉक्टरांनी कोणती दिली?

"20 ऑक्टोबर," मृणाल म्हणाली.

"म्हणजे दसरा!" मालूताईंचा चेहरा असा काही खुलला, की जणू साडेतीन मुहूर्तांपैकी एक त्यांनी स्वतः डॉक्टरांकडून बुक करून घेतलाय.

बाळंतपणाच्या रजेचा कायदा 1961 चा. 2017 साली त्यात बाराचे सव्वीस आठवडे झाले, आणि गेल्या वर्षी 21 नोव्हेंबरपासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. पण कुंपणावर लागणारा हिशेब तोच राहिला. पहिल्या दोन मुलांसाठी एकूण 26 आठवडे, त्यातले अपेक्षित तारखेच्या आधी जास्तीत जास्त 8. म्हणून मृणालला मी म्हटलं की कलमांचे आकडे लिहीतच बसू नकोस, 'लागू कायद्यानुसार' एवढं पुरे. कलमाचा आकडा चुकला की एचआरवाले तेवढाच धरून बसतात.

20 ऑक्टोबरच्या मागे 8 आठवडे मोजले की 25 ऑगस्ट येते. त्याआधी रजा धरता येत नाही, पण त्याच दिवशी घ्यायलाच हवी असंही नाही. आधी जितकी कमी घेशील तितकी नंतर बाळाजवळ राहील. तब्येत ठीक असेल तर बऱ्याच मुली शेवटचे दोनेक आठवडेच आधी धरतात. 2 ऑक्टोबर शुक्रवार, गांधीजयंतीची सुट्टी. मग शनिवार-रविवार. म्हणजे सोमवार 5 ऑक्टोबरपासून रजा धरायची, हे मृणालच्याही मनात होतं.

"पितृपंधरवडा आहे तो!" मालूताईंनी कुंपणाचं पान तोडून फेकलं. "सर्वपित्री अमावास्या 10 तारखेला. रजेचा कागद पितरांत सुरू करायचा?"

"मालूताई, रजेला मुहूर्त लागत नाही. घटस्थापनेपर्यंत थांबवायचं तर सून नवव्या महिन्यात आणखी आठवडाभर चाकणच्या बसचे धक्के खात बसेल. चालेल तुम्हाला?"

चालणार नव्हतं. 5 ऑक्टोबर पक्की झाली. तिथून 26 आठवडे म्हणजे 182 दिवस. ऑक्टोबरचे 27, नोव्हेंबरचे 30, डिसेंबर आणि जानेवारीचे 31-31, फेब्रुवारीचे 28, मार्चचे 31, झाले 178. उरलेले चार एप्रिलचे. रजेचा शेवटचा दिवस 4 एप्रिल 2027, रविवार. कामावर हजर सोमवार 5 एप्रिल. मालूताई म्हणाल्या, सहा महिने म्हटलं तरी तेच आलं की! आलं खरं, पण ते मध्ये अठ्ठावीस दिवसांचा फेब्रुवारी पडला म्हणून. मार्च ते ऑगस्ट मोजा, सहा महिन्यांचे 184 दिवस होतील. म्हणून अर्जात 'सुमारे सहा महिने' नको. 'दि. 5 ऑक्टोबर 2026 ते 4 एप्रिल 2027, दोन्ही दिवस धरून 26 आठवडे' असं लिहायचं. 'दोन्ही दिवस धरून' हे तीन शब्द राहिले की परतीच्या वेळी एका दिवसावरून मेलांची माळ लागते.

"आणि रविवार? ते पण त्यातच मोजायचे?"

मोजायचे, आणि त्यांचे पैसेही मिळतात. याच्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं होतं, 1977 साली. दक्षिणेतल्या एका मळ्यातली कामगार बाई होती. तेव्हा रजा बारा आठवड्यांची. मालकानं तिला 72 दिवसांचे पैसे दिले, बारा रविवार वजा करून. न्यायालयानं सांगितलं की आठवडा म्हणजे सात दिवसांचा, 84 दिवसांचे द्या. आमच्या खात्यात जुने लोक हा निकाल तोंडपाठ सांगत. मृणालला महिन्याचा पगार असल्यामुळे तिला ही भानगड येणार नाही, पण रोजंदारीवाल्या बाईच्या ताटातला हा घास अजूनही कुणी कुणी उचलतात.

"आणि बाळ तारखेच्या आधीच आलं तर?" हा मृणालचा प्रश्न होता आणि तो महत्त्वाचा. समजा, कामावर जात असतानाच 28 सप्टेंबरला आलं, तर रजा त्या दिवसापासून सुरू होते आणि 26 आठवडे तिथून मोजतात. रजा सुरू झाल्यावर लवकर किंवा उशिरा आलं, तर शेवटची तारीख हलत नाही. आधीचे दिवस थोडे कमी-जास्त होतात, बेरीज 26 च राहते. म्हणून अर्जात 20 ऑक्टोबरच्या आधी 'अपेक्षित' हा शब्द हवा, आणि खाली एक ओळ, की प्रसूती 5 ऑक्टोबरपूर्वी झाल्यास रजा त्या दिवसापासून धरावी व परतीची सुधारित तारीख कळवीन.

पुढची ओळ लिहायला सांगितली तेव्हा मात्र मालूताई उखडल्या. अर्जात पैसे कुणाला द्यावेत ते लिहायचं असतं. स्वतःला, किंवा आपण नेमू त्या माणसाला. मी म्हटलं, नवऱ्याचं नाव घाल.

"म्हणजे काय? हिला काय होणारे? भरल्या घरात अशुभ बोलू नका हो!"

"मालूताई, बँकेच्या पासबुकावर तुमचंही नॉमिनेशन आहे ना? गेलात का कुठे?"

त्या काही बोलल्या नाहीत, पण मेंदीची आणखी दोन पानं गेली.

त्याच ओळीला जोडून आणखी एक कबुली येते, की रजेच्या काळात मी कुठल्याही आस्थापनेत काम करणार नाही. मुली हे नुसतं लिहून टाकतात, अर्थ बघत नाहीत. रजेत असताना दुसरीकडे काम केलं तर तेवढ्या काळाचे पैसे बुडू शकतात. मृणाल दोन दुकानांचे हिशेब घरी लिहिते, हे कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे. म्हटलं, ते आधी दुसऱ्या कुणाकडे सोपव. आणि प्रसूतीनंतरचे सहा आठवडे तर तिला कामाला लावण्याचीच मालकाला बंदी आहे. तेव्हा "जरा पाच मिनिटं फोनवर सांग ना" हेही नको.

"फोन तर येणारच काकू," मृणाल हसली. "सगळा पगार माझ्याच हातात आहे."

इथे खरी मेख होती. मुलगी पेरोल बघते, एकशे ऐंशी माणसांचा. महिन्याच्या 25 तारखेला हजेरी गोळा होते, 1 तारखेला पगार, 7 ला टीडीएस भरायचा, 15 ला पीएफ. तिनं हँडओव्हर म्हणून काय लिहिलं होतं? 'माझी सर्व कामे सहकाऱ्याकडे सोपवीन.' सहकारी कोण, काय सोपवणार, कधी, काहीच नाही. असली ओळ वाचून साहेबाची झोप उडते, आणि झोप उडालेला साहेब रजेवर काही बोलू शकत नाही, पण परतीवर बोलतो.

"तारखा उलट्या मोज," मी म्हटलं. पेरोल नुसतं सांगून शिकवता येत नाही, एक पूर्ण फेरा हातानं करावा लागतो. सप्टेंबरचा पगार नव्या मुलानं करायचा आणि मृणालनं शेजारी बसून बघायचं. त्याच्या आधी ऑगस्टचा पगार मृणालनं करायचा आणि त्यानं बघायचं. म्हणजे तो मुलगा 20 ऑगस्टच्या आत तिच्या शेजारच्या खुर्चीत हवा. माणूस शोधायला, दुसऱ्या विभागातून सोडवून आणायला कंपनीला महिना लागतो. मग अर्ज कधी जायला हवा? जुलैच्या मध्यावर. आज तारीख काय, तर 11 जुलै. मालूताईंनी सुनेकडे अशा नजरेनं बघितलं की बघा, मी आणलाच ना फोन वेळेवर.

अर्जात एवढंच लिहायचं: 'ऑगस्टचा पगार मी करीन व नेमलेली व्यक्ती तो पाहील, सप्टेंबरचा पगार ती व्यक्ती करील व मी तपासीन, यासाठी 20 ऑगस्टपर्यंत व्यक्तीची नेमणूक व्हावी.' माणसाचं नाव आपण सुचवायचं, नेमायचं त्यांनी. तपशील वेगळ्या कागदावर, अर्जात नाही.

त्या वेगळ्या कागदावर मात्र आम्ही बराच वेळ घालवला, उभ्याउभ्या. नेहमीच्या तारखा नवा मुलगा शिकेल. चुकतं ते वर्षातून एकदाच येणारं. दिवाळीचं लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, म्हणजे बोनस ऑक्टोबरअखेर लोकांच्या हातात पडायला हवा, आणि तेव्हा मृणाल बाळंतिणीच्या खोलीत. बोनसचा तक्ता तिनं सप्टेंबरमध्येच अर्धा करून ठेवायचा. जुलै ते सप्टेंबरच्या टीडीएसचं विवरणपत्र 31 ऑक्टोबरपर्यंत. जानेवारी-फेब्रुवारीत लोकांच्या गुंतवणुकीच्या पावत्या गोळा करायच्या, नाहीतर मार्चच्या पगारात कर एकदम कापला जातो आणि लोक अकाउंट्सच्या दाराशी जमतात. आणि स्वतः मृणालचा वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म, जो मार्चमध्ये फिरतो. तो भरायला ती नसेल, म्हणून आपण केलेल्या कामाची टिपणं जाण्यापूर्वीच साहेबांना मेल करून ठेवायची. रजेवर होती म्हणून पगारवाढीत मागे टाकलं, असं मालकाला करता येत नाही, पण कागद हाताशी असला की वाद घालावाच लागत नाही.

"आणि ओटीपी?" मी विचारलं.

मृणालचं तोंड उघडंच राहिलं. पीएफच्या पोर्टलला, बँकेच्या साइटला, सगळीकडे मोबाईल नंबर तिचा. नव्या मुलाला सगळं येतंय, पण 15 तारखेला संध्याकाळी पीएफ भरायला बसला की ओटीपी जाणार कुठे? सांगलीला, माहेरी, बाळाच्या टोपड्याशेजारी ठेवलेल्या फोनवर!

"लेबर रूममधून आकडे सांगेल का ही?" मालूताई एवढ्या हसल्या की आमच्या ह्यांनी खिडकीतून डोकावून बघितलं.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही. नंबर बदलायला कंपनीचा अर्ज, संचालकाची डिजिटल सही, कधी कधी बँकेची फेरी, असं बरंच लागतं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू केलं तर होत नाही. आणि याच्यात घाईनं एक गैरप्रकार होतो. साहेब म्हणतात, तुझा पासवर्डच देऊन जा. देऊ नकोस. रजेत असताना तुझ्या नावानं काही चुकीचं भरलं गेलं तर नोंदीत नाव तुझंच राहणार. त्याला त्याची स्वतःची लॉगिन मिळायला हवी, आणि तू 2 ऑक्टोबरच्या आधी तुझी बंद करून घ्यायची.

मार्चअखेरीचा विषय निघणारच होता. "साहेब म्हणाले, तू नेमकी इयर-एंडला नाहीस," मृणाल म्हणाली. "थोडी लवकर येशील का, असं विचारत होते."

साहेबांचं चुकत नाही, विचारावंसं वाटतंच. पण तिथे 'बघते' असं म्हणायचं नाही, कारण ते 'बघते' त्यांच्या वहीत 'येते' असं लिहिलं जातं. उत्तर परतीच्या परिच्छेदात द्यायचं, आणि त्यांच्या सोयीचं द्यायचं. 5 एप्रिलला मी हजर. एप्रिलचा पगार तो मुलगा करील, मी तपासीन, कारण सहा महिन्यांत नवे लोक आलेले, पगार बदललेले असतील. मेचा पगार माझा. मार्चच्या कापणीचा टीडीएस 30 एप्रिलपर्यंत भरायचा असतो आणि शेवटच्या तिमाहीचं विवरणपत्र 31 मेपर्यंत, ती दोन्ही कामं मी आल्यावर माझ्या हाताखाली. म्हणून तो मुलगा 31 मेपर्यंत राहावा. साहेबाला हे वाचल्यावर कळतं की मार्चअखेरीचं जोखमीचं शेपूट बाई स्वतः धरणार आहे. मार्चमधला पगार तर मार्चमधलाच असतो, तो नवा मुलगा पाच महिन्यांनी डोळे मिटून करील.

हे झालं कामाचं. बाळाचं वेगळं. 5 एप्रिलला ते साडेपाच महिन्यांचं असेल, उष्टावणही झालेलं नसेल. ते पंधरा महिन्यांचं होईपर्यंत, म्हणजे 20 जानेवारी 2028 पर्यंत, जेवणाच्या सुट्टीखेरीज दिवसातून दोनदा पाजायला वेळ मिळतो. 50 किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर द्यावं लागतं, आणि दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येता येतं. आता एकशे ऐंशी माणसांच्या कंपनीत ते आहे कुठे, हे मृणालला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं! बहुतेक कुठल्याशा पाळणाघराशी करार असतो आणि ते दुसऱ्या टोकाला असतं. पाजायला जाऊन येण्यात तासभर जाणार असेल तर चार वेळा जाण्याचा हक्क कागदावरच. म्हणून अर्जात सरळ विचारायचं, की पाळणाघराचं ठिकाण कृपया 30 सप्टेंबरपूर्वी कळवावं. परत आल्यावर विचारलं तर पहिला महिना शोधण्यातच जातो.

आणि सगळ्यात शेवटी, वेगळ्या मथळ्याखाली, विनंती. एप्रिल आणि मे महिन्यांत आठवड्याचे दोन दिवस घरून काम मिळावं, 25 ते 1 तारखेपर्यंत मी कार्यालयातच असेन. इथे 'विनंती' शब्द शोभतो, 'आभारी राहीन' पण शोभतं. अमान्य झालं तरी वरचा मजकूर जसाच्या तसा उभा राहतो.

"एवढं सगळं बसेल का एका पानात?" मालूताईंनी विचारलं.

बसतं. तारखा पाच ओळींत, हँडओव्हर चार, परत येणं चार, विनंती दोन. डॉक्टरांचा दाखला जोडायचा, कारण आधीच्या काळाचे पैसे त्या दाखल्यावरच आगाऊ मिळायचे असतात आणि उरलेले प्रसूतीचा पुरावा दिल्यावर 48 तासांत. प्रत्यक्षात कंपन्या महिन्याच्या महिन्याला पगारासारखेच टाकतात आणि मुलींनाही ते बरं पडतं. पण मेल एचआरला आणि साहेबांना एकत्र जायला हवा, आणि 'मिळाला' एवढं उत्तर आलं नाही तर आठवड्यानं आठवण करायची.

तेवढ्यात मालूताईंना एकाएकी आपला मुलगा आठवला. "त्याला पण पाच दिवस मिळतात म्हणे वडिलांची रजा. केंद्र सरकारात पंधरा मिळतात ना हो?"

मिळतात, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत कधीही. खाजगीत मात्र कायदा नाही, कंपनीचं धोरण असेल तेवढंच. त्याच्या कंपनीत पाच आहेत.

"त्यानं दसऱ्यापासून मांडलेत. 20 ते 24 ऑक्टोबर. साहेबांनी मंजूर पण केले!"

"आणि बाळ 13 ला आलं तर? सांगलीच्या दवाखान्यात तो नसेल, आणि दसऱ्याला घरी बसून सोनं वाटेल! त्याला तारीख लिहायची गरजच नाही. 'जन्माच्या दिवसापासून सलग पाच कामाचे दिवस, अपेक्षित काळ 28 सप्टेंबर ते 31 ऑक्टोबर' असं लिहू दे. आणि त्याचा हँडओव्हर 28 सप्टेंबरलाच तयार हवा, कारण त्याला निघताना कुणाला काही समजावून सांगायला वेळ मिळणार नाही. बायकोला निदान 2 ऑक्टोबर माहीत आहे."

मालूताई फोन घेऊन वळल्या ते थेट जिन्याकडे. वरून मुलाचा आवाज आला, "आई, साहेबांना परत काय सांगू?" आणि खालून उत्तर गेलं, "शेजारच्या काकूंनी सांगितलंय म्हणून सांग!"

असलं काही लिहू नकोस रे बाबा, मी कुंपणाच्या अलीकडून ओरडले.